शक्ती कोठे अडते?

दुकानावर बसणारे एक श्रावक सकाळी ठणठणीत असतात. सायंकाळी मात्र पापणी झुकते, खतावणीतील ओळी दुहेरी दिसतात. विश्रांतीने आराम पडतो. मुंग्या येत नाहीत. ही मायस्थेनिया ग्रॅव्हिसची लक्षणे. यात नस शाबूत असते. पण तिचा निरोप स्नायूवर जेथे स्वीकारला जातो, ती जागा शरीराचीच प्रतिपिंडे निकामी करतात.

दुसऱ्या एकांना जुलाबानंतर दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही आणि दुर्बलता दिवसागणिक हातांकडे सरकते. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. मायस्थेनियात तो बहुधा उडतो. हा गिलन-बारे सिंड्रोम. २०२५ च्या आरंभी पुण्यात याचेच अनेक रुग्ण आढळले. येथे जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती नसेवरच उलटते.

दोहोंत खरा धोका श्वासाचा. रुग्णास एका श्वासात मोठ्याने आकडे मोजण्यास सांगावे. २० पर्यंत पोहोचता येत नसेल, अथवा गिळताना ठसका लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. आकडे मोजता आले, तरी वाढत्या दुर्बलतेत डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.