दुकान बंद, पाटी कायम

इंटरनेटवरचे दुकान परवडेनासे झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, "मग आपले नावही जाणार का?" नाव जात नाही, पण कामांचा क्रम उलटा झाला तर मात्र जाऊ शकते. म्हणून या महिन्यात आम्ही हाच क्रम सांगणार आहोत.

ऑनलाइन दुकान म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक जागा, तिचे आपण दरमहा भाडे भरतो. दुसरी मालाची यादी, म्हणजे नावे, भाव आणि फोटो. तिसरी दारावरची पाटी, म्हणजे डोमेन. पाटीचे पैसे वर्षाला वेगळे भरायचे असतात आणि ती कोणत्याही जागेवर लावता येते. जागा सोडली म्हणून पाटी उतरवावी लागत नाही.

आमच्या मोझरीतल्या एका घराचे उदाहरण घेऊ. घरातल्या बायका गोधड्या, उशांचे अभ्रे आणि जानमाज शिवतात. दुकान शॉपिफायवर आहे, माल चौदा प्रकारचा. गिऱ्हाईक बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवरून येते आणि सणावाराचे दिवस सोडले तर विक्रीतून महिन्याचे भाडेही निघत नाही. पण प्रत्येक पाकिटावर क्यूआर छापलेला आहे आणि तो उघडला की त्यांच्या डोमेनवरचे गोधडीचे पान दिसते. ती पाकिटे नागपूर-अमरावतीपर्यंत घरोघरी गेली आहेत. डोमेन गेले तर ते सगळे क्यूआर मुके होतील. म्हणून त्यांनी पाटी ठेवून माल वूकॉमर्सवर न्यायचे ठरवले. वूकॉमर्स फुकट आहे, पण त्यासाठी होस्टिंग विकत घ्यावे लागते आणि त्याची देखभाल, अपडेट, बॅकअप आपल्यालाच पाहावे लागते. हे काम पाहणारे घरात कोणी नसेल तर तयार बाजारपेठेवर माल लावणे बरे.

सर्वात आधी माल बाहेर काढायचा. शॉपिफायच्या `Products` पानावरून `Export` केले की सीएसव्ही फाइल मिळते. ती साध्या तक्त्यासारखी असते, पण दोन गोष्टींत फसवते. पहिली म्हणजे फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात आणि ते पत्ते जुन्या दुकानाच्या साठ्याकडे नेतात. दुकान बंद झाले की त्या पत्त्यांवर विसंबता येत नाही. म्हणून जुने दुकान चालू असतानाच नव्या दुकानात माल आयात करायचा. त्या वेळी वूकॉमर्स फोटो उतरवून आपल्याकडे ठेवतो.

दुसरी अडचण ओळींची. गोधडीचे तीन आकार आणि पाच फोटो असतील तर शॉपिफायच्या फाइलमध्ये तिच्या पाच ओळी होतात. शेवटच्या दोन ओळींत फक्त फोटोचा पत्ता. वूकॉमर्सला मात्र एक आईची ओळ आणि तीन लेकरांच्या ओळी लागतात, आणि पाचही फोटोंचे पत्ते आईच्या ओळीत स्वल्पविराम देऊन `Images` या रकान्यात लिहायचे असतात. फोटोंचा रकाना सोडून ती यादी अशी दिसते:

```
Type,SKU,Name,Parent,Regular price,Attribute 1 name,Attribute 1 value(s)
variable,GD,गोधडी,,,आकार,"लहान, मध्यम, मोठी"
variation,GD-1,गोधडी,GD,650,आकार,लहान
variation,GD-2,गोधडी,GD,850,आकार,मध्यम
variation,GD-3,गोधडी,GD,1100,आकार,मोठी
```

`GD` हा आईचा क्रमांक आपल्याला नव्याने द्यावा लागतो, कारण शॉपिफायमध्ये क्रमांक फक्त आकारांना असतात. ही जोडणी चुकली तर ती लगेच ओळखू येते: गोधडीचे पान उघडते, पण आकार निवडता येत नाही किंवा माल उपलब्ध नाही असे दिसते. ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नये. मराठी अक्षरांचा चुथडा होतो आणि 0012 हा क्रमांक 12 होऊन बसतो. लिबरऑफिसमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडून क्रमांकांचा रकाना मजकूर म्हणून घ्यावा. आधी दोनच वस्तू आयात करून पाहाव्यात. त्या नीट उतरल्या की बाकीच्या बारा.

गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची फाइलही याच वेळी वेगळी काढून ठेवावी. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मात्र येत नाहीत, त्यांना नवीन करावे लागतात. जीएसटी नोंदणी असेल तर जुन्या विक्रीचा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो, त्यामुळे ती फाइल दोन ठिकाणी ठेवावी.

आता पाटी. डोमेन कुठून घेतले ते आधी पाहावे. वेगळ्या कंपनीकडून घेतले असेल तर ते तिथेच राहू द्यावे, फक्त दिशा बदलावी. शॉपिफायमार्फत घेतले असेल तर दुकान चालू असतानाच ते दुसऱ्या कंपनीकडे नेणे सोयीचे. कुलूप काढायचे, हस्तांतरणाचा कोड घ्यायचा आणि नव्या कंपनीला द्यायचा. `.com` नावाला यासाठी पाच-सहा दिवस लागू शकतात. घेऊन 60 दिवस झाले नसतील तर ते हलत नाही. तोवर फक्त दिशा बदलून काम चालवावे. डोमेनच्या खात्यातला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. पाटी अडली तर कोडचे पत्रही अडते.

दिशा बदलणे म्हणजे डीएनएसमध्ये `A` नोंदीत नव्या होस्टिंगचा आकडा भरणे. ईमेल याच डोमेनवर असेल तर `MX` नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, नाहीतर दुकान उघडते आणि पत्रे येणे थांबते. बदल करण्याच्या एक दिवस आधी `TTL` 300 करावा, म्हणजे बदल लवकर पसरतो.

इथे आपल्या क्यूआरचा प्रश्न सुटतो का? अर्धाच. शॉपिफायवर पान `/products/godhadi` या पत्त्यावर असते, वूकॉमर्सवर `/product/godhadi` असे. एका `s` मुळे जुना क्यूआर रिकाम्या पानावर जाईल. होस्टिंग अपाचेवर असेल तर `.htaccess` मध्ये, वर्डप्रेसच्या ओळींच्या वर, ही एक ओळ पुरते:

```
RedirectMatch 301 ^/products/(.+)$ /product/$1
```

अट एवढीच की दोन्हीकडे शेवटचा शब्द सारखा हवा. वूकॉमर्स नावावरून पत्ता बनवतो, त्यामुळे 'गोधडी' नावाचे पान मराठी अक्षरांच्या पत्त्यावर जाते. ते प्रत्येक वस्तूच्या पानावर जाऊन हाताने `godhadi` करावे. चौदा वस्तूंना फार वेळ लागत नाही. मग एखादे जुने पाकीट घेऊन दुसऱ्या फोनवर क्यूआर उघडून पाहावा.

सगळ्यात शेवटी भाडे थांबवायचे. शेवटची पाठवलेली ऑर्डर पोचली, परत येणारी वस्तू आली आणि पैसे खात्यात जमा झाले की मग. या घराने त्यासाठी पंधरा दिवस दोन्ही दुकाने ठेवली; जुन्यावर नवीन ऑर्डर घेतली नाही. बंद करताना जुने कार्डही काढले जाते आणि डोमेन त्याच कार्डावर आपोआप नूतनीकरण होत असेल तर ते गुपचूप संपते. `.com` नाव मुदत संपून हटवले गेल्यावर 30 दिवस परत मिळवता येते, पण जास्त पैसे मोजून; त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणीही घेऊ शकतो. म्हणून नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, वीजबिलाच्या शेजारी लिहून ठेवावी.