तीन कंपन्या, एक सूर्य

बॉसला नुसतं ‘ओके’ पाठवलं की कसं कोरडं वाटतं, म्हणून आपण पुढे एक हसरा चेहरा चिकटवतो. अँड्रॉइडवरून निघालेला हा चेहरा समोरच्याच्या आयफोनवर हसतच पोचणार, हे आपण गृहीत धरतो. पण ज्या देशात इमोजी जन्मले, त्या जपानमध्ये सुरुवातीची काही वर्षं याची अजिबात गॅरंटी नव्हती.

आधी एक गैरसमज दूर करू. इमोजीचा ‘इमोशन’शी काही संबंध नाही. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. चित्राक्षर! सगळी मेख या शब्दातच आहे. फोन चित्र पाठवतच नाही. तो पाठवतो फक्त एक नंबर आणि त्या नंबरचं चित्र समोरचा फोन स्वतःच काढतो.

जे-फोन या कंपनीने १९९७मध्ये ९० चिन्हांचा संच एका हँडसेटमध्ये दिला होता, पण तो फारसा खपला नाही. खरी धमाल झाली ती १९९९मध्ये. एनटीटी डोकोमोने ‘आय-मोड’ ही मोबाइल इंटरनेट सेवा आणली. तिच्या मेलमध्ये जेमतेम २५० अक्षरं मावायची. मग हवामान, ट्रेन, मूड हे सगळं थोडक्यात सांगायचं कसं? शिगेताका कुरिता आणि त्यांच्या टीमने १७६ चित्रं तयार केली. एकेक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचं, म्हणजे फक्त १४४ ठिपक्यांत बसवलेलं! मेलमध्ये ते एकाच अक्षराची जागा घ्यायचं. आयडिया हिट झाली आणि केडीडीआयनेही आपला संच काढला.

गडबड इथेच झाली. प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक अक्षराला एक पक्का नंबर देणारी जागतिक यादी म्हणजे युनिकोड. तिच्यात काही नंबर मुद्दाम रिकामे ठेवलेत. तिथे कोणीही स्वतःची चिन्हं ठेवावीत, फक्त ती इतरांना कळतीलच असं नाही. या खासगी जागेत डोकोमोचा सूर्य होता E63E या नंबरवर, जे-फोनचा E04A वर आणि केडीडीआयचा E488 वर. सूर्य एक, पत्ते तीन! त्यामुळे डोकोमोवाल्याने ‘उद्या ऊन आहे, भेटू’ म्हणून पाठवलेला सूर्य दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गायब व्हायचा, किंवा त्या जागी 〓 अशा दोन जाड रेघा दिसायच्या. हृदय पाठवलेल्याचं काय होत असेल, विचार करा!

पुढे कंपन्यांनी एकमेकांच्या नंबरांचे तक्ते जुळवून मधल्यामध्ये भाषांतर सुरू केलं. पण मग बाहेरचे खेळाडू आले. गूगलला हे मेल जीमेलमध्ये नीट दाखवायचे होते आणि अॅपलने २००८मध्ये जपानमध्ये आयफोन आणला होता. दरवेळी तीन-तीन तक्ते कोण सांभाळणार? २००९मध्ये दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी युनिकोडकडे रीतसर प्रस्ताव दिला आणि ऑक्टोबर २०१०मध्ये युनिकोड ६.० आलं. तिन्ही संच एकत्र करून निघालेली चिन्हं होती ७२२. त्यातली ११४ युनिकोडमध्ये आधीच होती; आपला सूर्य त्यातलाच, नंबर 2600. उरलेल्या ६०८ चिन्हांना नवे नंबर मिळाले.

अट एकच होती. जुना मेल युनिकोडमध्ये नेऊन परत आणला, तर एकही चिन्ह हरवता कामा नये. म्हणजे आवडनिवड बंद, जवळपास सगळा संसार जसाच्या तसा उचलायचा. म्हणूनच तुमच्या कीबोर्डवर आजही फुजी पर्वत आहे, टोकियो टॉवर आहे आणि आगीच्या ज्वाळेसारखं दिसणारं ते 📛 आहे. ती ज्वाळा नाही, जपानी बालवाडीतल्या मुलांचा नावाचा बिल्ला आहे!

घोडं अडलं ते झेंड्यांवर. जपानी संचांत झेंडे होते फक्त दहा देशांचे आणि त्यात भारत नव्हता. जागतिक यादीत दहाच देश घेतले असते, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? युनिकोडने मस्त तोडगा काढला. झेंडे घेतलेच नाहीत. त्याऐवजी A ते Z अशी २६ खास अक्षरं घेतली. J आणि P शेजारी आले की फोनने जपानचा झेंडा काढायचा, I आणि N आले की तिरंगा. कोणता झेंडा दाखवायचा, हे ठरवायची जबाबदारी फोनवाल्यांवर!

तेव्हा ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर कधी तिरंग्याच्या जागी नुसतं IN दिसलं, तर मेसेज बिघडलेला नाही. विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडेच नाहीत. नंबर बरोबर पोचलाय, समोरच्याने चित्र तेवढं काढलं नाही.