‘काही दिवस’ म्हणजे नक्की किती?

‘सर, घरी इमर्जन्सी आहे. काही दिवस वर्क फ्रॉम होम मिळेल का?’ पहिल्या नोकरीत घरून अचानक फोन आला की बहुतेकांच्या हातून असाच मेसेज जातो. त्यात खोटं काहीच नसतं. पण तो वाचणाऱ्याला हो म्हणावंसं वाटलं, तरी तो हो कशाला म्हणणार? ‘काही दिवस’ म्हणजे तीन की तीस?

समजा, तुम्हाला हिंजवडीत नोकरी लागून आठ महिने झालेत. सोमवारी, ८ जूनच्या रात्री साताऱ्याहून बाबांचा फोन येतो. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, बुधवारी ऑपरेशन. तुम्ही रात्रीच निघणार, हे उघड आहे. मॅनेजरला फोन करून तेवढं सांगा आणि एसटी पकडा. सविस्तर मेल दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांशी बोलून झाल्यावर.

कारण परतायची तारीख अंदाजाने ठरवायची नसते, ती विचारून काढायची असते. डॉक्टरांना विचारा, टाके कधी काढणार? ते म्हणाले, २४ तारखेला. मग घरात विचारा, तुमच्यानंतर आईजवळ कोण? मावशी २७ला येतेय. झालं की! २७ला शनिवार, म्हणजे तुम्ही सोमवारी, २९ला ऑफिसात. ‘आईला बरं वाटलं की येतो’ असं लिहिलंत तर ती तारीख कुणालाच माहीत नसते, तुम्हालाही नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर पूर्ववत चालायला काही महिनेही लागतात. तोवर घरी थांबणं हा तुमचा प्लॅन नाहीच.

आणखी एक गल्लत होते. दवाखान्यातले दिवस हे घरून कामाचे दिवस नव्हेत. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लॅपटॉप उघडून मीटिंगला बसायचं, मध्येच औषधं आणायला पळायचं, यात ना आईकडे लक्ष राहतं ना कामाकडे. दोन दिवसांत टीमला कळतं की हा नावालाच ऑनलाइन आहे, आणि पुढच्या माणसाने खरंच गरज म्हणून मागितलं तरी त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. म्हणून त्या दिवसांची सरळ रजा घ्या. आई घरी आल्यावरचे दिवस घरून कामासाठी मागा.

ऑफिसचा मेल बहुधा इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत मांडून बघा:

‘नमस्कार मॅडम, काल फोनवर सांगितल्याप्रमाणे आईच्या खुब्याचं हाड मोडलं असून उद्या, १० जूनला ऑपरेशन आहे. आज ९ ते शुक्रवार १२ जून मला रजा हवी आहे. सोमवार १५ ते शुक्रवार २६ जून साताऱ्याहून काम करण्याची परवानगी मिळावी. रोज १० ते ७ उपलब्ध असेन. २४ला टाके काढायचे असल्याने त्या दिवशी अर्धी रजा लागेल. लॅपटॉप सोबत आहे, घरी ब्रॉडबँड आहे. या आठवड्याचा रिपोर्ट टीममधला सहकारी पाठवेल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. सोमवार २९ जूनला ऑफिसला येईन.’

बास. एक्स-रेचा फोटो नको, बाबांच्या बीपीची कहाणी नको, तीनदा ‘कृपया समजून घ्या’ नको. मॅडमना हा मेल बहुतेक एचआरला, कधी क्लायंटच्या माणसालाही पुढे पाठवायचा असतो. एक शब्दही न बदलता पाठवता आला, तर उत्तर लवकर येतं. फोनवर ‘हो’ मिळालं तरी मेल हवाच. महिनाअखेरीला हजेरीत तुमचे दिवस गैरहजर दिसले, तर दाखवायला लेखी काहीतरी लागतं.

काही जण म्हणतील, आई आजारी असताना तारखा कसल्या मागता, माणुसकी आहे की नाही? मला हे पटत नाही. तुम्ही नसताना तुमचं काम कुणीतरी उचलतंय. त्यालाही कळायला हवं की हे कधीपर्यंत. आणि तारीख दिली, तरी नकार येऊ शकतो. काही प्रोजेक्टमध्ये ग्राहकांची माहिती ऑफिसबाहेर उघडायलाच बंदी असते. तिथे मॅनेजर चांगला असूनही काही करू शकत नाही. मग शिल्लक रजा किती ते बघा किंवा बिनपगारी रजा मागा.

समजा, मावशीचं येणं लांबलं. मग रविवारी रात्री मेसेज टाकू नका. २५ तारखेला, गुरुवारीच लिहा: ‘मावशी २७ऐवजी १ जुलैला येत आहे. मला २९ आणि ३० जून, १ जुलै असे आणखी तीन दिवस घरून काम करावं लागेल. गुरुवार २ जुलैला ऑफिसला येईन.’