‘पीएचडी झाली की बघू’ हे उत्तर मी मागे घेतलं

पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी चेन्नईत अंबत्तूरला राहते. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांशी बोलते. मध्यंतरी मी निळ्या साडीतला एक फोटो टाकला. त्याखाली गावाकडच्या एका काकांनी लिहिलं, ‘आमच्या भाच्यासाठी विचारतोय. आपल्यातलाच आहे, पोटजातही जुळते. बायोडाटा पाठव.’

हे काका परके नाहीत. अकरावीत जातीच्या दाखल्यासाठी त्यांनीच मला तहसील कचेरीत नेलं होतं. म्हणून मी मऊ उत्तर दिलं, ‘काका, आधी पीएचडी होऊ दे.’ दोन दिवसांत घरी आईला फोन गेला: मुलगा दोन वर्षं थांबायला तयार आहे!

चूक माझी होती. शिक्षण, नोकरी, वय अशी कारणं आपण लाजेने पुढे करतो. समोरच्याला ती नकार वाटतच नाहीत, अटी वाटतात, आणि अट पूर्ण करता येते. शिवाय मी ‘पोटजात जुळते’ हे वाक्य तसंच राहू दिलं होतं. माझ्या खोलीतली मराठी मैत्रीण ते वाचून म्हणाली, ‘अगं, म्हणजे तू कोण?’ घर भाड्याने घेताना जे मी सांगितलं नव्हतं, ते काकांनी एका ओळीत सगळ्यांसमोर ठेवलं होतं.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी वाचलेल्या निबंधाचा गाभाच हा आहे, की जात टिकते ती जातीतच लग्न करण्यामुळे. तो निबंध आपण परीक्षेला लिहितो, आणि आपल्याच वस्तीतून पोटजात विचारली गेली की गप्प बसतो. मीही बसले होते.

मग मी आधी त्या ओळींचा स्क्रीनशॉट ठेवला, फोटोखालून त्या काढल्या, आणि काकांना खासगीत लिहिलं: ‘काका, जय भीम. हे स्थळ मला नको आहे, आता नाही आणि पीएचडीनंतरही नाही. पोटजात बघून मी लग्न करणार नाही. माझ्या लग्नाचं माझ्याशीच बोला, आईला फोन करू नका.’ कारण म्हणून एवढंच, कारण ते अट होऊ शकत नाही.

अनोळखी माणूस स्वतःसाठीच विचारत असेल तर इतकंही लिहू नये. ‘मला रस नाही, पुन्हा संपर्क करू नका’ हे एकदाच, तारखेसह जपून ठेवावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘बघू’ म्हटलेलं असेल तर ती अनिच्छा दाखवायची कशी? काकांसारख्यांना हे कलम लागत नाही, तिथे फक्त आपलं वाक्य असतं.

काकांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. नंतर आईला म्हणाले, ‘पोरगी फार शिकली.’ आईने विचारलं, ‘दाखला काढायला तुम्हीच नेलं होतं ना?’