ठेवीच्या व्याजावर घर चालेल का? दहा वर्षांपुढचा हिशेब

आज पिकावर नाही, घरखर्चावर लिहितोय. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पैसे बँकेत टाकू, व्याजावर बसून खाऊ." हे वाक्य आकड्यांत मांडून बघू.

समजा ४० लाख रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. वर्षाला २,८०,००० व्याज, म्हणजे महिन्याला २३,३३३ रुपये. घरखर्च महिन्याला २०,०००. तीन हजार वर शिल्लक. कागदावर झकास दिसतं. पण व्याजाचा आकडा जागेवर राहतो आणि खर्च दरवर्षी चढतो.

महागाई ६ टक्के धरू. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे आणि ६ ही तिची वरची मर्यादा. बरेच जण दहा साहे साठ टक्के करून २०,००० चे ३२,००० धरतात. तसं होत नाही. थकलेल्या कर्जावर जसं व्याजावर व्याज चढतं, तशीच महागाई मागच्या वर्षीच्या वाढलेल्या भावावर चढते. मोबाईलवर २०,००० ला १.०६ ने गुणा, आलेल्या उत्तराला परत १.०६ ने, असं दहा वेळा. पहिल्या वर्षाअखेर २१,२००, दुसऱ्या २२,४७२, तिसऱ्या २३,८२०. म्हणजे तीन वर्षं होतायत तोवर खर्च व्याजाच्या पुढे गेला. दहा वर्षांनी तोच संसार ३५,८१७ रुपयांना पडतो, आजच्या जवळपास १.८ पट. व्याज मात्र तेच २३,३३३.

आता शेतकऱ्याच्या घरची खरी गोम. तो २०,००० चा आकडा नोकरदाराच्या घरासारखा पूर्ण नसतो. आपल्या वहीत किराणा, शाळेची फी, दवाखाना, पेट्रोल, लाईट बिल असतं. ज्वारी, गहू, तूरडाळ, बांधावरची भाजी, गोठ्यातलं दूध वहीत नसतं, कारण त्याला रोख पैसे द्यावे लागत नाहीत. जमीन गेली की हे सगळं दुकानातून येणार. चारपाच माणसांच्या घरात ते महिन्याला ६,००० धरलं तरी खरा खर्च २६,००० होतो. म्हणजे व्याज पहिल्याच महिन्यात कमी पडलं. आणि दहा वर्षांनी हे २६,००० होतात ४६,५६२.

मग माणूस मुद्दलाला हात घालतो. २६,००० चा खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेला आणि कमी पडेल ते ठेवीतून काढत गेलो, तर कर न धरताही ४० लाख साडेचौदा वर्षांच्या आसपास संपतात. आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाची ठेव साठीच्या तोंडावर संपली. जमीन आधीच गेलेली.

माझं मत स्पष्ट आहे. ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असेल, तर त्या व्याजातला साधारण १ टक्काच खऱ्या अर्थानं खाण्याजोगा. बाकीचं मुद्दलाची किंमत टिकवायला परत ठेवीत घालावं लागतं. ४० लाखांवर हा १ टक्का म्हणजे महिन्याला ३,३३३ रुपये. तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून मोबदल्यातला मोठा भाग परत जमिनीत, विहिरीत, गोठ्यात, म्हणजे ज्याचं उत्पन्न भावाबरोबर हलतं अशा ठिकाणी जावा. शेतमालाचा भाव पडतो हे खरं, पण तो वर जायची शक्यता तरी असते. ठेवीचा ठरलेला आकडा वर जात नाही.

जमीन भाड्यानं देतानाही हाच हिशेब लावा. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी १,२५,००० रुपये वार्षिक भाडं आणि वर्षाला ३ टक्के वाढ आहे. ही वाढ चक्रवाढीनं धरली तरी दहा वर्षांत भाडं १.३४ पट होईल, खर्च १.७९ पट. खडकाळ, पडीक जमिनीला हे चालेल. ज्या रानातून घरचं धान्य येतं, ते देताना चार वेळा विचार करा.

या हिशेबाला मर्यादा आहे. महागाई दरवर्षी नेमकी ६ राहत नाही; ४ राहिली तर २६,००० चे दहा वर्षांनी ३८,४८६ होतील. पोरांचं शिक्षण संपलं की फी जाईल, पण वयाबरोबर औषधं वाढतील. म्हणून दरवर्षी पाडव्याला वही उघडा, घरचं धान्य बाजारभावानं खर्चात धरा आणि पुढच्या दहा वर्षांचा आकडा नव्यानं काढा. सही करायची वेळ आली, तर तो आकडा काढल्यावरच करा.