दर आठवड्याचे 50 रियाल

आईबाबांनो, इथे सौदीत बऱ्याच ऑफिसांत आणि रूमवर हे चालतं. दहा जण दर आठवड्याला साधारण 50-50 रियाल काढतात आणि अबुधाबीच्या ‘बिग तिकीट’चं 500 दिरहमचं एक तिकीट घेतात. “50 रियालनं काय होतंय?” बघूया काय होतंय ते.

वर्षाचे झाले 2,600 रियाल. 20 वर्षांचे 52,000. रियाल 22 रुपयांचा धरला तर 11 लाख 44 हजार रुपये.

आता हेच पैसे, म्हणजे महिन्याला साधारण 4,770 रुपये, एनआरई खात्यावरच्या रिकरिंगमध्ये टाका. रिकरिंग सहसा 10 वर्षांपर्यंतचीच मिळते, म्हणून मुदत संपली की रक्कम एफडीत टाका आणि नवी रिकरिंग सुरू करा. सरासरी 6 टक्के व्याज धरलं तरी 20 वर्षांनी सुमारे 22 लाख होतात. आपण परदेशी रहिवासी आहोत तोवर या व्याजावर भारतात आयकर नाही.

खरं सांगते, महागाईमुळे त्या 22 लाखांना आजच्या 22 लाखांची किंमत नसेल. पण मुलीच्या कॉलेजच्या फीला ते हातात असतील. तिकिटाचं तसं नाही, आणि लागलंच तरी दहा वाटे.

त्यात तिकीट एकाच्याच नावावर, पैसे रोख, पावती नाही. सौदीत जुगाराला बंदी आहे. उद्या तो फिरला तर दाद कुठे मागणार?

आज घरी विचारा, “अहो, गेल्या वर्षी तिकिटांत किती गेले?”