तो एक टक्का कुठे गेला?

आमची इमारत अंधेरी पश्चिमेला आहे. चाळीस घरं, सगळी सारख्या आकाराची, एकच लिफ्ट आणि दरवर्षी सप्टेंबरात होणारी एक सभा, जिला निम्मे लोक उशिरा येतात आणि उरलेले भांडायला वेळेवर येतात. या वेळच्या सभेत भांडण झालं ते पार्किंगवरून नाही, पाण्यावरूनही नाही. ते झालं एका टक्क्यावरून.

खजिनदाराने पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वाटलं होतं. एकूण खर्च २० लाख रुपये. सहा बाबी, प्रत्येकीपुढे रक्कम आणि टक्केवारी. वॉचमन ३२ टक्के, मालमत्ता कर १९, पाणीपट्टी १५, लिफ्ट आणि सामायिक वीज १३, दुरुस्ती १२, साफसफाई ८. खाली मोठ्या अक्षरात: एकूण १०० टक्के. तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी आयुष्यभर हिशेब लिहिले आहेत. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेनाने बेरीज केली आणि उभे राहिले. "बेटा, हे नव्व्याण्णव होतात. वीस लाखांचा एक टक्का म्हणजे वीस हजार रुपये. ते कुठे आहेत?"

सभागृह शांत झालं. खजिनदार तरुण मुलगा आहे, नोकरी सांभाळून हे काम फुकट करतो. त्याने लॅपटॉप उघडला, आकडे पाहिले आणि म्हणाला, "चाचा, कॉम्प्युटर तर शंभरच दाखवतोय." हे उत्तर खरं होतं, पण त्याने संशय कमी झाला नाही, उलट वाढला. मागून कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरला काय, सांगाल ते दाखवतो." त्या रात्री व्हॉट्सॲपवर काय काय चाललं ते लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की दोघंही बरोबर होते, आणि तरीही एका माणसाच्या प्रामाणिकपणावर डाग पडला. म्हणून हा हिशेब नीट उलगडून पाहायला हवा.

मूळ रकमा अशा होत्या:

| बाब | रक्कम (रु.) | खरी टक्केवारी | छापलेली |
|---|---|---|---|
| वॉचमन | ६,४९,००० | ३२.४५ | ३२ |
| मालमत्ता कर | ३,८७,००० | १९.३५ | १९ |
| पाणीपट्टी | ३,०६,००० | १५.३ | १५ |
| लिफ्ट, वीज | २,६८,००० | १३.४ | १३ |
| दुरुस्ती | २,३६,००० | ११.८ | १२ |
| साफसफाई | १,५४,००० | ७.७ | ८ |

रकमांची बेरीज करून पाहा: बरोबर २०,००,०००. एक रुपयाही कमी नाही. खऱ्या टक्केवारीची बेरीजही बरोबर १००. फरक पडला तो शेवटच्या रकान्यात. तिथे प्रत्येक आकडा एकेकटा घेऊन जवळच्या पूर्ण आकड्यावर आणला आहे. पहिल्या चार बाबींमध्ये शेपूट अर्ध्याहून लहान होतं म्हणून ते कापलं गेलं. ०.४५, ०.३५, ०.३ आणि ०.४ मिळून दीड टक्का गेला. शेवटच्या दोन बाबींमध्ये शेपूट मोठं होतं म्हणून आकडा वर गेला आणि ०.२ व ०.३ मिळून अर्धा टक्का वाढला. दीड गेला, अर्धा आला, राहिला एक टक्क्याचा खड्डा. तो खड्डा तिजोरीत नाही, फक्त छापलेल्या रकान्यात आहे.

मग कॉम्प्युटर शंभर का दाखवत होता? कारण एक्सेलमध्ये आकडा कमी दशांशांनी दाखवणं वेगळं आणि तो खरोखर बदलणं वेगळं. खजिनदाराने फक्त दाखवण्याची पद्धत बदलली होती. पडद्यावर ३२ दिसत होते, पण आत ३२.४५ तसेच होते आणि बेरीज आतल्या आकड्यांची झाली. त्याने

```
=ROUND(B2/B$8*100,0)
```

असं सूत्र लिहिलं असतं तर आकडे आतूनच ३२ आणि १९ झाले असते आणि खाली ९९ आलं असतं. थोडक्यात, चाचांनी कागदावर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज केली आणि कॉम्प्युटरने न दिसणाऱ्या.

असं किती वेळा होतं? आपल्याला वाटतं त्याहून बरंच जास्त. फ्रेडरिक मोस्टेलर, क्लिओ यूट्झ आणि डग्लस झान या अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९६७ साली याच प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला होता. शेपटं कशीही, योगायोगाने पडली असं धरलं तर सहा बाबींच्या तक्त्यांचं गणित असं निघतं: १२० तक्त्यांपैकी सरासरी ६६ मध्ये बेरीज १०० येते, ५२ मध्ये ९९ किंवा १०१ येते आणि दोनांमध्ये ९८ किंवा १०२. म्हणजे सहा बाबींचा जवळजवळ प्रत्येक दुसरा तक्ता शंभरावर बसत नाही. बाबी वाढल्या की बसण्याची शक्यता आणखी कमी होते. फक्त दोन बाबी असतील तर, दोन्ही नेमक्या अर्ध्यावर नसल्या की, बेरीज नेहमी शंभरच येते, कारण एकीचं कापलेलं शेपूट दुसरीला जोडलं जातं.

यावरून एक उपयोगी चाचणीही मिळते. प्रत्येक आकडा जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकू शकतो. सहा बाबी असतील तर ९८ ते १०२ इथपर्यंतची बेरीज राऊंड करण्यामुळे येऊ शकते. ९६ आले तर ते राऊंड करण्याने शक्यच नाही. तिथे एखादी बाब गळली आहे किंवा आकडा चुकीचा टाइप झाला आहे. तेव्हा जरूर उभं राहावं आणि विचारावं. पण ९९ दिसल्यावर पहिलं काम म्हणजे टक्के सोडून रुपयांच्या रकान्याची बेरीज करणं. तो रकाना जुळला तर छापलेल्या टक्क्यांवरून कुणावरही बोट दाखवता येत नाही.

आता उपायाकडे येऊ. सभेत लगेच एक सूचना आली: "एक दशांश द्या, प्रश्न मिटेल." करून पाहिलं तर ३२.५, १९.४, १५.३, १३.४, ११.८, ७.७. बेरीज १००.१! आता टक्क्याचा दहावा भाग जास्त. दशांशाने फरक लहान होतो, वीस हजारांऐवजी दोन हजारांएवढा दिसतो, पण जाईलच याची खात्री नाही.

दुसरी सूचना कमिटीतल्याच एकाची होती, आणि ती मला जास्त खटकली: "कुठल्याही एका आकड्यात एक वाढवा आणि शंभर करा." याची एक शिस्तशीर पद्धत आहे. आधी सगळी शेपटं कापायची: ३२, १९, १५, १३, ११, ७, बेरीज ९७. उरलेले तीन टक्के सर्वांत मोठी शेपटं असलेल्यांना एकेक वाटायचे. दुरुस्तीला एक, साफसफाईला एक आणि तिसरा वॉचमनला. बेरीज १००. निवडणुकीत मतांच्या प्रमाणात जागा वाटताना अनेक देशांत हीच पद्धत वापरतात, कारण अर्धी खुर्ची कुणाला देता येत नाही. तिथे ती योग्य आहे. पण आपल्या तक्त्यात तिचा अर्थ असा होतो की ३२.४५ ला ३३ म्हणायचं. उद्या कुणी ६,४९,००० ला २० लाखांनी भागलं तर ३२ येतील आणि तो विचारेल, इथे ३३ का? बेरजेतली शंका मिटवायला गेलो आणि एका आकड्यात खरी चूक घातली.

हे मोठ्या ठिकाणीही होत असावं. केंद्र सरकार अर्थसंकल्पाबरोबर रुपया कुठून येतो आणि कुठे जातो याचं चित्र छापतं. २०२५-२६ ची जमा बाजू अशी होती: कर्ज व इतर देणी २४ पैसे, आयकर २२, जीएसटी १८, कंपनी कर १७, करेतर उत्पन्न ९, उत्पादन शुल्क ५, सीमाशुल्क ४, कर्जाव्यतिरिक्त भांडवली जमा १. बरोबर शंभर पैसे. खर्चाच्या बाजूला नऊ बाबी, तिथेही शंभर. आधीच्या दोन वर्षांतही दोन्ही बाजू शंभरच. आठ-नऊ बाबींचे सहा तक्ते निव्वळ योगायोगाने शंभरावर बसण्याची शक्यता साधारण शंभरात एक निघते. म्हणून माझा अंदाज आहे की एखादा आकडा शंभरासाठी बसवला जातो. चित्रात ते चालतं, नव्व्याण्णव पैशांचा रुपया कोण छापणार? पण त्याच पुस्तिकेतल्या तक्त्यांसाठी एक साधी टीपही असते, की राऊंड केल्यामुळे बाबींची बेरीज एकूण रकमेशी जुळेलच असं नाही. आपल्या सोसायट्यांनी, ट्रस्टनी, शाळा चालवणाऱ्या संस्थांनी उचलावी ती ही टीप, ते चित्र नाही.

एक धोका मात्र खरा आहे. समजा, खजिनदाराने मूळ रकमा बाजूला ठेवल्या आणि छापलेल्या टक्क्यांवरून प्रत्येक घराचा वाटा काढला. २० लाख भागिले चाळीस म्हणजे वर्षाला ५०,००० प्रत्येकी. पण ३२, १९, १५, १३, १२ आणि ८ टक्क्यांनी बाबवार आकारणी केली तर प्रत्येकाकडून ४९,५०० जमा होतील. चाळीस घरांचे पाचशे-पाचशे कमी, म्हणजे २०,००० रुपये. कागदावर असलेला खड्डा आता खरोखर तिजोरीत पडला, आणि बेरीज १०१ आली असती तर लोकांकडून तेवढेच जास्त घेतले गेले असते. म्हणून छापलेल्या टक्केवारीवरून उलट दिशेने रुपये कधीही काढू नयेत. रुपयांवरून टक्के काढावेत आणि तिथेच थांबावं.

माझं मत असं. तक्त्यात आकडे आहेत तसे राऊंड करून लिहावेत आणि खाली एक ओळ टाकावी: "टक्के जवळच्या पूर्ण आकड्यात दिले आहेत, म्हणून त्यांची बेरीज ९९ येते. रकमांची बेरीज २०,००,०००." ही ओळ आधी असती तर चाचांनी ती वाचली असती, रुपयांची बेरीज करून पाहिली असती आणि खाली बसले असते. बेरीज करणारा म्हातारा हा सोसायटीचा शत्रू नव्हे, त्याच्यामुळेच हिशेब सरळ राहतो. आणि ९९ तसेच ठेवणारा खजिनदार, शंभर जुळवून दाखवणाऱ्यापेक्षा, मला जास्त भरवशाचा वाटतो.

पुढच्या बैठकीत सुधारित कागद आला. चाचांनी पुन्हा पेन काढलं. या वेळी रुपयांचा रकाना वरून खाली जुळवला, टीप वाचली आणि सही केली. मग खजिनदाराला जवळ बोलावून म्हणाले, "बेटा, त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं." तो म्हणाला, "चाचा, विचारायला हवंच होतं. उत्तर मला कागदावर आधीच द्यायला हवं होतं."